नेट तर चालू आहे

बुधवारी सकाळी सव्वानऊला लॅपटॉप उघडला आणि रोजच्यासारखं व्हीपीएनचं बटण दाबलं. रोज काय होतं, तर दोन सेकंदांत पासवर्ड विचारला जातो, मग फोनवरचा सहा आकडी कोड, आणि मग मी खामगावातल्या आमच्या पुढच्या खोलीत बसलेली असूनही पुण्याच्या ऑफिसात शिरते. त्या दिवशी पासवर्ड विचारलाच नाही. ‘संपर्क साधत आहे’ असं म्हणून एक गोल चक्र फिरत राहिलं. मिनिटभराने अक्षरं आली: गेटवेकडून उत्तर नाही.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. नेट गेलं असेल म्हणून बातम्यांचं पान उघडलं, तर ते धाडकन उघडलं, वर जाहिरातीतली बाई नाचायलाही लागली. मेल येत होते. पावसाचा अंदाज कळत होता. सगळं जग उघडत होतं, फक्त माझं ऑफिस उघडत नव्हतं.

माझं काम विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासण्याचं. लोकांचे आजार, ऑपरेशनं, बँकेचे आकडे, सगळं त्यात. ती कागदं ऑफिसच्या संगणकांतच राहतात, बाहेर उघडत नाहीत. माझ्या लॅपटॉपपासून तिथपर्यंत नेटमधूनच जाणारी पण बाकीच्या जगाला न दिसणारी एक बंद नळी लागते. ती नळी म्हणजे व्हीपीएन. ती नसेल तर माझा लॅपटॉप भाजी चिरायच्या पाटाइतकाच उपयोगाचा.

माझ्या स्वभावाबद्दल एक सांगून टाकते. यंत्राचा राग मी माणसांवर काढते. त्या सकाळी समोर एकच माणूस होता, माझे बाबा.

बाबांना वर्षभरापूर्वी अर्धांगाचा हलका झटका आला. डावा पाय ओढतात, काठी लागते, पण स्वतःचा चहा स्वतः करतात आणि त्यात कोणी मदत केली की चिडतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी एकुलती एक. त्यांना पुण्याला नेऊन पाहिलं होतं, आठव्या दिवशी ते पिशवी भरून दारात उभे राहिले. मग मीच आले. ऑफिसने घरून काम करायची तीन महिन्यांची परवानगी दिली होती आणि ती वाढवायची की नाही हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. रोज साडेनऊच्या आत व्हीपीएनवर हजर, ही एकच अट.

“बाबा, राउटरले काही हात लावला का? काही बदललं का?” मी विचारलं.

“मी काऊन हात लावू? काही नाही बदललं,” ते म्हणाले आणि पेपर वर धरला.

मी आदल्या दिवशी अर्धी रजा घेऊन त्यांच्याच गोळ्या आणायला आणि दर्शनाला शेगावला गेले होते. निघताना सगळं नीट चालू होतं. म्हणजे घरात काही झालं असेल तर त्या दुपारी, पण बाबा नाही म्हणाले आणि बाबा खोटं बोलत नाहीत. तीस वर्षं ते जिनिंगच्या कारखान्यात गेटवर होते. कापसाच्या गाठी असोत की सरकीची पोती, चिठ्ठीशिवाय त्यांनी काही बाहेर जाऊ दिलं नाही. एकदा मालकाच्या मेव्हण्याची गाडी त्यांनी गेटपास नाही म्हणून तासभर उभी ठेवली होती. ही गोष्ट आमच्या घरी पाहुण्यांना चहाबरोबर दिली जाते.

ऑफिसच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडे एक मवाळ आवाजाचा माणूस होता. त्याने मला लॅपटॉप बंद करून चालू करायला लावलं. घड्याळाची वेळ बरोबर आहे का पाहायला लावलं. माझं खातं बंद तर नाही ना, ते त्याने तिकडे तपासलं. मग म्हणाला, “मॅडम, मी तुमची स्क्रीन घेतो,” आणि ब्राउझरमधून एक कोड टाकून घेतला. माझा बाण आपोआप सरकायला लागला. त्याने व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मी हात मांडीवर ठेवून बसले.

बाबा माझ्या मागे येऊन उभे होते. बाण स्वतःच इकडून तिकडे चाललेला बघून ते पुटपुटले, “हा आता कुठून आला मंग?”

“ऑफिसचा माणूस आहे, बाबा.”

“हाव, पन आला कुठून?”

मला तेव्हा विचारायचं सुचलं असतं की ‘मंग’ काऊन म्हणता, तर पुढचे दोन दिवस वाचले असते. पण मी म्हणाले, “तुम्ही बसा बरं तिकडं,” आणि ते जाऊन बसले.

पुन्हा तेच. गेटवेकडून उत्तर नाही.

“बाकी सगळ्यांचं लागतंय, मॅडम,” मदतकक्षवाला म्हणाला. “आणि तुम्हाला पासवर्ड विचारतच नाहीये. म्हणजे तुमचा निरोप आमच्यापर्यंत पोचतच नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर करून बघाल का?”

आमच्या घरात फोनला एक दांडी रेंज असते, ती पण न्हाणीघरात. उरली गच्ची. वैशाखातलं खामगावचं ऊन, वर सावली म्हणून फक्त पाण्याची टाकी. मी दुपारी एकला डोक्यावर ओला टॉवेल घेऊन टाकीच्या आडोशाला बसले, फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, बटण दाबलं. पासवर्ड विचारला! कोड टाकला. लागलं! मी एकटीच टाकीला टेकून हसले.

वीस मिनिटं चाललं. मग रेंज गेली, नळी तुटली, परत जोडली, परत तुटली, आणि लॅपटॉप इतका तापला की मांडीला चटका बसला. एका दाव्याची कागदं चार वेळा उघडून चार वेळा बंद पडली. खाली आले तेव्हा टॉवेल वाळून कडक झाला होता.

तरी एक गोष्ट कळली होती, आणि मदतकक्षवाल्याने ती नीट समजावून सांगितली. लॅपटॉप चांगला आहे, खातं चांगलं आहे, दोष घरच्या लाइनमध्ये. साध्या वेबसाइटी एका क्रमांकाच्या वाटेने जातात, पोर्ट म्हणतात तिला. आमचं व्हीपीएन दुसऱ्याच दोन पोर्टांवरून जातं, पाचशे आणि पंचेचाळीसशे. पहिली मोकळी असेल आणि या दोन कोणी अडवल्या असतील, तर नेट झकास चालणार आणि व्हीपीएन मात्र लागणार नाही. त्याने माझी स्क्रीन घेतली तीही वेबसाइटच्या वाटेने, म्हणून तो आत येऊ शकला. “तुमच्या नेटवाल्यांना विचारा, युडीपी पाचशे आणि पंचेचाळीसशे अडवलंय का,” तो म्हणाला. मी ते हातावर लिहून घेतलं, कागद उठून आणायचाही धीर नव्हता.

नेटवाला म्हणजे गावातला केबलवाला. बाजारात दुकान आहे, टीव्हीच्या केबलपासून सुरुवात केली आणि आता घरोघरी नेट देतो. त्याला फोन केला.

“नेट चालू आहे का, ताई?”

“नेट तर चालू आहे.”

“मंग?”

“माझं ऑफिसचं लागत नाही.”

“मंग ते ऑफिसले इचारा ना. आपलं नेट तर चालू आहे.”

मी हातावरचे आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, “व्हिडिओ चालतो का?” चालतो म्हटलं. “मंग आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही.” हे संभाषण बुधवारी दोनदा झालं, गुरुवारी तीनदा. तिसऱ्यांदा मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी तो म्हणाला की मंगळवारी वायरमन तुमच्याच गल्लीत येऊन खारीने कुरतडलेली वायर बदलून गेला, शुक्रवारी परत पाठवतो. दुसऱ्या कंपनीची लाइन आमच्या गल्लीपर्यंत आलेली नाही. कोणाच्या घरी जाऊन काम करावं, तर ऑफिसला जो पत्ता लिहून दिला तो सोडून दुसरीकडे ती कागदं उघडायची मनाई.

गुरुवारी संध्याकाळी माझ्या वरिष्ठांचा फोन आला. माणूस वाईट नाही, पण त्याच्याही डोक्यावर कोणीतरी आहेच.

“तीन दिवस झाले,” ते म्हणाले.

“दोन, सर.”

“उद्या तीन होतील. हे बघ, उद्या सुरू झालं तर परवानगी वाढवायला माझी हरकत नाही. नाही झालं, तर सोमवारी तू इथे असायला हवीस. मग घरून काम हा विषय बंद.”

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि घरात फिरत राहिले. पुढच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत, परत. बाबांना औषध दिलं. राउटरच्या हिरव्या दिव्यांकडे बघितलं, सगळे कसे साळसूद, आपापल्या जागी लुकलुकत. मग उगाच, म्हणजे मी स्वतःला उगाच असं सांगितलं, शनिवारच्या पुण्याच्या बसगाड्या फोनवर पाहिल्या. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. ती बघताना अंगातला ताण एकदम सैल झाला. मला वाटलं, दमले असेन.

ओसरीवर बाबांचे जुने सोबती बसले होते, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. चाचा कारखान्यात काट्यावर होते, गाड्या वजन करायचे, बाबा गेटवर. दोघं आता रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर गावाचा कारभार पाहतात. मी पाणी द्यायला गेले तर दोघं गप्प झाले. माझं डोकं इतकं तापलेलं होतं की ते माझ्यामुळे गप्प झाले हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

शुक्रवारी अकराला वायरमन आला. पंचेचाळिशीचा शांत माणूस, खांद्यावर वायरचं वेटोळं. मी त्याला आल्या आल्या हातावरचे आकडे दाखवले, पुसट झाले होते म्हणून पुन्हा गिरवले होते. त्याने वायर तपासली, चांगली होती. मग आपला फोन आमच्या वायफायला जोडून राउटरचं पान उघडलं आणि बोट खाली सरकवत गेला.

“फायरवॉल हाय वर हाय, ताई.”

“काय हाय?”

“हाय. वरच्या नंबरवर. इथं लो, मीडियम, हाय असं असते. हाय वर ठेवलं का मंग वेबसाइट, मेल, एवढंच घराबाहेर सोडते. बाकी जे जे बाहेर जाईन ते अडवते. तुमचे हे आकडे त्याच्यातच अडकले.”

“हे केलं कोनं?”

तो बाबांकडे बघून सरळपणे म्हणाला, “काका, तुम्हीच तर म्हनले होते ना मंगळवारी? बाहेर जानाऱ्या मालावर गेट लावून दे म्हनून.”

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग कळलं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी मदतकक्षाने माझ्या लॅपटॉपवर काहीतरी नवीन टाकलं, तेव्हाही बाण असाच आपोआप फिरला होता, आणि मी स्वयंपाकघरात होते. बाबांनी एकट्याने ते पाहिलं. लॅपटॉपात दुसरा माणूस. चाचांना सांगितलं, तर चाचांनी त्यांच्या एका नातेवाइकाची हकीकत सांगितली, त्याच्या फोनमध्ये असंच कोणी शिरून बँकेतलं सगळं घेऊन गेलं. बाबांची झोप उडाली. पोरीच्या यंत्रात लोकांचे कागद, ते तिच्या हातून बाहेर गेले तर दोष तिच्यावर. मंगळवारी वायर बदलून वायरमन लाइन तपासायला घरात आला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, आत येणाऱ्याचं सोड, बाहेर जाणाऱ्यावर गेट बसते का? बसते, तो म्हणाला, आणि बसवून गेला. मोठ्या माणसाला कोण नाही म्हणणार.

“मी इचारलं होतं तुम्हाले,” मी म्हणाले. “काही बदललं का म्हनून इचारलं होतं!”

“बदललं कुठं? राउटर तोच आहे. गेट लावलं फक्त.”

ते खरंच तसं समजत होते. आज मला ते कळतं. कारखान्यात गेट लावणं म्हणजे काही बदलणं नव्हे, ते रोजचं काम. पण त्या क्षणी माझ्यात तीन दिवस साठलेलं सगळं वर आलं.

“तीन दिवस मी त्या टाकीखाली तळून निघाली! कोनासाठी? तुमच्यापायी अडकून पडली मी अथी, बाबा, तुमच्यापायी!”

वायरमनने पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. त्या पिशवीत तेव्हा शोधण्यासारखं काहीच नव्हतं. बाबा त्याला म्हणाले, “कमी कर ते,” आणि उठून आत गेले. त्यांचा डावा पाय फरशीवर घासत गेलेला मला ऐकू आला. मी तोंडातून गेलेलं परत घेऊ शकत नव्हते आणि, खरं सांगायचं तर, त्यात खोटंही काही नव्हतं. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

वायरमनने हाय वरून मीडियमवर आणलं. राउटर बंद होऊन चालू झाला. “मीडियमवर बाहेर जायाले मोकळं राह्यते, ताई. बाहेरून आत यायाले अजूनही बंदच. भ्यायचं काम नाही, काकाले सांगा,” असं म्हणत तो पाणी प्यायला आणि वेटोळं उचलून गेला.

मी बटण दाबलं. दोन सेकंदांत पासवर्ड विचारला. कोड टाकला. निळ्यावर पांढरी अक्षरं आली: जोडले गेले आहात. तीन दिवसांचं सगळं काम एकदम अंगावर कोसळलं.

आनंद व्हायला हवा होता. बसमधली ती खिडकीजवळची जागा डोळ्यांसमोर आली आणि गेली. मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले, दोन्ही हात टेबलावर.

“काऊन वं?”

बाबा आतल्या दारात उभे होते. कधी आले कळलं नाही.

“लागलं,” मी म्हणाले.

“ते दिसलं मले. लागलं म्हनून वाईट वाटलं का?”

“नाही,” मी म्हणाले. फार पटकन म्हणाले.

ते हळूहळू येऊन समोरच्या खुर्चीत बसले. काठी गुडघ्यांच्या मध्ये धरली. “त्या साहेबाले सांगतलं का?”

“नाही अजून.”

“मंग नको सांगू.” ते खिडकीबाहेर बघत होते. “लागत नाही म्हनून सांग. सोमवारी चालली जाय. मी काही कोनाले बोलत नाही, अन् तो वायरमनही गेला आता.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तीस वर्षांत या माणसाने चिठ्ठीशिवाय मूठभर सरकी बाहेर जाऊ दिली नव्हती.

“अन् तुम्ही?”

“सैपाकाले बाई येते. रात्रीचं चाचाले इचारलं मी काल. येतो म्हने झोपाले. तसंही त्याले घरी झोप येत नाही, नातवंडं लय आहे.” मग म्हणाले, “त्या दिवशी तू गच्चीवर हासली ते मले खाली ऐकू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हासली तू.”

मी रडले. लपवलं नाही, ओढणीने नाक पुसत सरळ रडले. त्यांना रडणाऱ्या माणसासमोर काय करायचं ते कधीच कळत नाही, म्हणून ते उठले आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. भांडं खाली पडलं, मी उठले नाही, ते त्यांनीच उचललं.

मग मी फोन लावला.

“सर, लागलं.”

“अरे वा! काय होतं?”

“राउटरमध्ये सेटिंग होतं एक. निघालं.”

“छान. मग तीन महिन्यांचं पुढे पाठवतो मी. इथूनच चालू ठेव, म्हणजे तिथूनच.”

हो म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं. “सर, एक विचारू? महिन्यातला एक आठवडा मी ऑफिसला आले तर चालेल का? बाकीचे दिवस इथून.”

पलीकडे ते विचार करायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला. झटक्यानंतर त्यांचा आवाज कमी झालाय असं डॉक्टर म्हणतात, पण त्या दिवशी तो गेटवर ट्रक थांबवणाऱ्या माणसाचाच होता.

“एक काऊन? दोन मांग!”

“कोण बोलतंय?” वरिष्ठांनी विचारलं.

“माझे बाबा,” मी म्हणाले. “दोन म्हणताहेत, सर.”